उपकेंद्राची अर्थ मॅट, टच आणि स्टेप पोटेन्शियल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सांगली-सातारा भागातले ऑपरेटर, नवे कनिष्ठ अभियंते आणि अर्थिंगचं काम घेणारे ठेकेदार वारंवार विचारतात. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: मिरज-तासगाव पट्ट्यात असू शकेल असं ३३/११ केव्हीचं लहान उपकेंद्र. हे उपकेंद्र कागदावरचं आहे, पण आकडे अशा उपकेंद्राला शोभतील असेच घेतले आहेत. हिशेब आयईईई ८० या मानकाच्या सूत्रांनी केला आहे. आपल्याकडे आयएस ३०४३ सोबत हेच मानक वापरलं जातं.

आमच्या उपकेंद्राचा अर्थ रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास आहे. मग यार्ड सुरक्षितच ना?

त्या एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. मॅट म्हणजे यार्डाखाली पुरलेली लोखंडी पट्ट्यांची जाळी. ३३ केव्हीच्या फॉल्टमध्ये ३००० अँपिअर जमिनीत उतरले आणि मॅटचा रेझिस्टन्स बरोबर १ ओहम असला, तर संपूर्ण मॅट दूरच्या जमिनीच्या तुलनेत ३००० व्होल्टवर चढते. याला ग्राउंड पोटेन्शियल राइज म्हणतात, बोलताना जीपीआर. मॅटला जोडलेलं प्रत्येक स्ट्रक्चर, ब्रेकरची टाकी, ट्रान्सफॉर्मरची बॉडी, आयसोलेटरचं हँडल, सगळंच ३००० व्होल्टवर असतं.

यार्डात उभ्या माणसाच्या पायाखालची जमीनही बरोबर तितकीच वर आली, तर त्याला काहीच होणार नाही. पण ती तितकी वर येत नाही. पट्टीच्या डोक्यावरची माती जवळपास मॅटइतकी चढते, दोन पट्ट्यांच्या मधली माती मागे राहते. माणसाला झटका देतो तो हा फरक. अर्थ टेस्टर हा फरक दाखवत नाही, तो फक्त एकूण रेझिस्टन्स दाखवतो. रेझिस्टन्स जवळजवळ तोच राहून हा फरक निम्मा किंवा दुप्पट होऊ शकतो. पुढच्या तक्त्यात ते दिसेल.

टच आणि स्टेप यांत नेमका फरक काय?

माणूस जमिनीवर उभा आहे आणि त्याचा हात अर्थ केलेल्या लोखंडाला लागला आहे. त्या लोखंडाचा व्होल्टेज आणि एक मीटर अंतरावरच्या त्याच्या पायाखालचा व्होल्टेज यांतला फरक म्हणजे टच पोटेन्शियल. हात कुठेच लागलेला नाही, पण तो चालतो आहे आणि दोन पावलांत एक मीटर अंतर आहे. त्या दोन जागांमधला फरक म्हणजे स्टेप पोटेन्शियल. जाळीच्या एका चौकोनाच्या आत टच पोटेन्शियल जितका जास्तीत जास्त होऊ शकतो त्याला मेश व्होल्टेज म्हणतात. डिझाइन तपासताना हाच आकडा पाहायचा.

दोन्हींत जास्त घातक कोणता?

बहुतेक वेळा टच. एक कारण शरीराच्या आतलं आहे: हातातून शिरून पायांतून बाहेर पडणारा करंट छातीतून जातो. स्टेपमध्ये तो एका पायातून वर येऊन दुसऱ्या पायातून उतरतो, हृदयाच्या वाट्याला थोडाच येतो. दुसरं कारण पायाखालच्या मातीचं. हिशेबात प्रत्येक पावलाचा जमिनीशी असलेला रोध वरच्या थराच्या रोधकतेच्या तिप्पट धरतात. टचमध्ये दोन्ही पावलं समांतर येतात म्हणून दीडपट मिळतो, स्टेपमध्ये एकामागे एक येतात म्हणून सहापट. त्यामुळे स्टेपची मर्यादा मुळातच वर असते.

जनावरांचं गणित मात्र वेगळं आहे. गाई-म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत एक मीटरपेक्षा जास्त अंतर असतं, आणि करंटच्या वाटेत त्यांचं हृदयच येतं. कुंपणाला लागून वैरण-गवत असेल आणि तिथे जनावरं बांधत असतील, तर स्टेपकडे काणाडोळा करू नका.

माणूस किती सोसू शकतो, हे कोण ठरवतं?

चार्ल्स डॅल्झिएल या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांवर हे सूत्र उभं आहे. ५० किलो वजनाच्या माणसाचं हृदय बिघडू न देता शरीरातून जाऊ शकणारा करंट म्हणजे ०.११६ भागिले सेकंदांतल्या वेळेचं वर्गमूळ. फॉल्ट अर्धा सेकंद टिकला तर हा करंट ०.१६४ अँपिअर येतो. ७० किलोच्या माणसासाठी ०.११६ च्या जागी ०.१५७ येतं. पण यार्डात कोण येईल हे आपल्या हाती नसतं, म्हणून ५० किलोच धरावं. शरीराचा रोध १००० ओहम धरतात. बूट आणि हातमोजे हिशेबात नसतातच, कारण पावसात भिजलेल्या चपलेवर डिझाइन उभं करता येत नाही.

उदाहरणातल्या उपकेंद्राची माहिती द्या.

यार्ड ४० बाय ४० मीटर. मॅट ५० बाय ६ मिलिमीटरच्या एमएस फ्लॅटची, जमिनीखाली ०.६ मीटर. कडेने तीन-तीन मीटरचे १२ रॉड ठोकलेले. वर काळी माती, खाली मुरूम. वेन्नर पद्धतीने चार खुंट्या ५ मीटर अंतराने रोवल्यावर टेस्टरने ३.२ ओहम दाखवले. रोधकता म्हणजे २ गुणिले पाय गुणिले अंतर गुणिले हा रोध, साधारण १०० ओहम-मीटर. ३३ केव्हीच्या फॉल्टचा एकूण करंट सुमारे ४००० अँपिअर, त्यातले ३००० जमिनीतून परत जातात. बॅकअप रिले धरून फॉल्ट अर्ध्या सेकंदात तुटतो.

वेन्नरचं माप एकाच अंतरावर घेऊन थांबू नका. खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की खालचे थर कळतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वाळते. पावसाळ्यात घेतलेलं माप कागदावर छान दिसतं, म्हणून मोजणी शक्यतो एप्रिल-मेमध्ये करावी.

४००० पैकी ३००० च का? आणि ११ केव्हीचा फॉल्ट मोठा असला तर तो का घेत नाही?

फॉल्ट करंटला आपल्या स्रोताकडे परत जायचं असतं. ३३ केव्हीचा स्रोत दूरच्या १३२ केव्ही उपकेंद्रात आहे. काही करंट केबलच्या शीथमधून किंवा लाइनच्या अर्थ वायरमधून धातूच्याच वाटेने परततो, उरलेला मातीतून जातो. मॅट वर चढवतो तो हा मातीतला वाटा. लाइनला अर्थ वायरच नसेल तर जवळपास सगळा करंट मातीत जातो. म्हणून हा वाटा अंदाजाने न ठरवता लाइन पाहून ठरवा.

११ केव्हीची गोष्ट उलटी आहे. तिचा स्रोत म्हणजे त्याच यार्डातला ट्रान्सफॉर्मर आणि त्याचा न्यूट्रल त्याच मॅटला बांधलेला. यार्डाच्या आतच ११ केव्हीचा फॉल्ट झाला तर करंट पट्टीतून न्यूट्रलकडे पोचतो, मातीत फारसा उतरत नाही. पट्टी आणि जोड तो करंट सोसतील एवढे जाड हवेत, पण टच पोटेन्शियलसाठी तो मोठा आकडा धरला तर मॅट उगाच भलतीच महाग होते. या दोन आकड्यांची गल्लत मी अनेक डिझाइन नोट्समध्ये पाहिली आहे.

जाळी दाट केल्याने नेमकं काय होतं?

फॉल्टच्या वेळी जमिनीच्या पृष्ठभागावरचा व्होल्टेज खांबांवर टाकलेल्या मांडवाच्या कापडासारखा दिसतो: पट्टीवर वर, दोन पट्ट्यांच्या मध्ये झोळ. पट्ट्या जवळ आणल्या की झोळ कमी होतो आणि माणसाच्या पायाखालची जमीन त्याच्या हातातल्या लोखंडाच्या जवळ येते. आपल्या यार्डासाठी वेगवेगळ्या अंतरांचा हिशेब असा येतो:

| पट्ट्यांमधलं अंतर | मॅटचा रेझिस्टन्स | जीपीआर | मेश व्होल्टेज |
|---|---|---|---|
| २० मीटर | १.४५ ओहम | सुमारे ४३४० व्होल्ट | सुमारे १२१० व्होल्ट |
| १० मीटर | १.३१ ओहम | सुमारे ३९४० व्होल्ट | सुमारे ७४५ व्होल्ट |
| ५ मीटर | १.२२ ओहम | सुमारे ३६५० व्होल्ट | सुमारे ४१५ व्होल्ट |

१० मीटरवरून ५ मीटरवर या. रेझिस्टन्स जेमतेम सात टक्के घटला. टेस्टरवर तो फरक कळणारही नाही. मेश व्होल्टेज मात्र ७४५ वरून ४१५ वर आला. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन ओळींत आहे. रेझिस्टन्स मुख्यतः यार्डाच्या क्षेत्रफळावर आणि मातीवर ठरतो. आत किती पट्टी घातली याने तो फारसा हलत नाही. टच पोटेन्शियल ठरतो तो आतल्या पट्टीवर.

पट्टी अर्थातच फुकट येत नाही. १० मीटरच्या जाळीला ४०० मीटर फ्लॅट लागतो, ५ मीटरच्या जाळीला ७२० मीटर. दर छेदावर वेल्डिंग, त्यावर डांबर, आणि तेवढंच जास्त खोदकाम.

सगळीकडे सारखंच अंतर ठेवायचं का?

गरज नाही, आणि ते फायद्याचंही नाही. करंटला मॅटच्या कडेने बाहेर पळायचं असतं, म्हणून कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा जास्त करंट सोडतात. सगळ्यात वाईट चौकोन कोपऱ्यातला असतो. मधल्या भागात ६-७ मीटर आणि कडेला ३ मीटर असं ठेवलं तर तेवढ्याच लोखंडात कोपरा बराच सुधारतो. कडेचे रॉडही याच कामाचे. तेच रॉड यार्डाच्या मधोमध ठोकले तर उपयोग फार कमी. वर वापरलेलं सूत्र मात्र समान अंतरासाठीच आहे. असमान जाळीसाठी संगणकावरचं सॉफ्टवेअर लागतं.

यार्डात खडी का पसरतात? गवत येऊ नये म्हणून ना?

गवत कमी उगवतं, ट्रान्सफॉर्मरचं सांडलेलं तेल मुरतं, चिखल होत नाही; हे सगळं खरं आहे, पण ते जोडीचे फायदे. खडीचं मूळ काम पायाखालचा रोध वाढवणं हे आहे. खडी व्होल्टेज कमी करत नाही. ती त्या व्होल्टेजने माणसातून जाणारा करंट कमी करते. म्हणून खडी टाकल्यावर मेश व्होल्टेजचा आकडा बदलत नाही, चालू शकणारी मर्यादा वर सरकते.

सूत्र असं आहे, ५० किलोच्या माणसासाठी:

```
Cs = 1 - 0.09*(1 - rho/rho_s) / (2*hs + 0.09)
E_touch = (1000 + 1.5*Cs*rho_s) * 0.116 / sqrt(ts)
E_step  = (1000 + 6.0*Cs*rho_s) * 0.116 / sqrt(ts)
```

इथे rho म्हणजे खालच्या मातीची रोधकता, rho_s म्हणजे खडीची, hs म्हणजे थराची जाडी मीटरमध्ये आणि ts म्हणजे फॉल्ट तुटायला लागणारा वेळ.

खडी नाही असं धरा. पायाखाली १०० ओहम-मीटरची माती आणि अर्धा सेकंद. टचची मर्यादा येते १८९ व्होल्ट, स्टेपची २६२. आता १० सेंटिमीटर धुतलेली खडी टाका. ओल्या खडीची रोधकता ३००० ओहम-मीटर धरायची प्रथा आहे, तीच घेऊ. Cs येतो ०.७०, टचची मर्यादा ६८१ व्होल्टवर जाते आणि स्टेपची २२३० वर. टचची मर्यादा साडेतीन पटींच्या वर गेली, आणि जमिनीखालचं काहीच बदललं नाही.

मग जाड थर टाकावा का? २०-२५ सेंटिमीटर?

Cs ही खडीच्या थराची जणू कपात आहे: थर पातळ असेल तर करंट खडीतून लगेच मातीत उतरतो आणि खडीची पूर्ण किंमत मिळत नाही. ५ सेंटिमीटरला मर्यादा ५६४ व्होल्ट, १० ला ६८१, १५ ला ७३७. पहिल्या पाच सेंटिमीटरने जे दिलं ते तिसऱ्या पाच सेंटिमीटरने दिलं नाही. १० ते १५ सेंटिमीटर हा थर पुरेसा. १५ टाकण्याचं खरं कारण असं की ट्रकची चाकं, पायवाट आणि पाऊस यांनी काही खडी मातीत दबते. चार-पाच वर्षांनी १० शिल्लक राहिली तरी चालतं.

खडी चांगली टाकली तर जाळी विरळ ठेवता येईल?

आपल्या यार्डात १० मीटर अंतराची जाळी ७४५ व्होल्ट देते आणि १० सेंटिमीटर खडी ६८१ पर्यंतच परवानगी देते, म्हणजे नापास. ५ मीटरची जाळी ४१५ देते, आरामात पास. मधलं ७-८ मीटरही बसेल, पण खडी उद्या बिघडणार आहे हे धरून थोडी सोय ठेवावी.

उलट प्रश्नही लोक विचारतात: खडी नकोच, जाळीच एकदम दाट करू. हिशेब करून पाहा. अडीच मीटरची जाळी घातली, म्हणजे १३६० मीटर फ्लॅट, तर मेश व्होल्टेज १९५ येतो. उघड्या मातीची मर्यादा १८९. एवढं लोखंड पुरूनही नापास! दोन्ही उपाय एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जाळी धोक्याचा आकडा खाली आणते, खडी सोसण्याची मर्यादा वर नेते, आणि दोघी भेटतात तेव्हाच यार्ड बसतं.

पावसात खडी भिजली की संपलं का?

नाही. ३००० हा आकडा ओल्या खडीचाच आहे. कोरड्या खडीची रोधकता याहून कितीतरी जास्त असते, म्हणून कोरडं माप धरून डिझाइन करूच नये. पाणी खडीच्या फटींतून खाली निघून गेलं तर दगडांचे टेकण्याचे बिंदू थोडे आणि लहान राहतात, आणि रोध टिकतो. पाणी निघून जाणं ही अट मात्र आहे. यार्डाला उतार हवा आणि कडेला गटार हवं.

चुरा मिसळलेली खडी वेगळी वागते. क्रशरवरून न धुता आणलेल्या मालात दगडाची पूड असते. ती ओली झाली की फटी बुजवते आणि पाणी धरून ठेवते. तिची रोधकता धुतलेल्या खडीच्या निम्म्याहून खाली जाते. ऑर्डरमध्ये फक्त "खडी" लिहू नका. धुतलेली, चुरा नसलेली, साधारण २० ते ४० मिलिमीटरची, असं लिहा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड या कामाला उत्तम आहे. मुरूम खडीऐवजी चालत नाही. तो पाणी धरतो आणि दाबला की मातीसारखाच वागतो.

पुराचं पाणी यार्डात येऊन गेलं. आता काय?

कृष्णाकाठच्या वाचकांना २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतील. पाणी ओसरतं आणि मागे गाळ ठेवून जातं. गाळ खडीच्या फटींत बसला की खडी दिसते खडीसारखी, वागते चिखलासारखी. तिची रोधकता ५०० ओहम-मीटरवर आली असं धरा. मर्यादा ६८१ वरून २५६ व्होल्टवर येते. ५ मीटरची जाळी ४१५ देत होती, म्हणजे कालपर्यंत पास असलेलं यार्ड आज नापास. टेस्टर मात्र अजूनही १.२२ ओहमच दाखवणार, कदाचित ओल्या मातीमुळे थोडा कमीच!

ओळखायचं कसं? फावड्याने दोन-तीन जागी खडी तळापर्यंत खणून पाहा. खालच्या दगडांवर माती चिकटलेली असेल, मुठीत घेतल्यावर हात मळत असेल, किंवा हरळीची मुळं आडवी पसरली असतील, तर खडी काढून चाळून धुवायला हवी. नुसती नवी खडी वर टाकणं हा अर्धा उपाय. खाली गाळाचा थर तसाच राहतो आणि हिशेबात फक्त नव्या थराचीच जाडी धरता येते. तसं करायचंच असेल तर किमान नवा थर १० सेंटिमीटरचा असू द्या.

गवत मारायला तणनाशक फवारतात ते ठीक आहे, पण मीठ टाकून गवत जाळण्याचा प्रकार यार्डात नको. मीठ ओल धरतं आणि लोखंडही खातं.

खडीऐवजी काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक केले तर? स्वच्छ दिसतं.

ओलं काँक्रीट चांगलं वाहक आहे, त्याची रोधकता मातीच्या जवळपास येते. त्यामुळे खडी काढून काँक्रीट केलं की उघड्या मातीचीच मर्यादा लागू होते. काँक्रीटच्या आतल्या सळया मॅटला जोडल्या तर वेगळी गोष्ट: मग पायाखालचा भागच मॅटच्या व्होल्टेजवर येतो आणि फरक कमी होतो. पेव्हरच्या फटींत माती भरते. डांबर रोधासाठी चांगलं असतं, पण तडकलं की नाही.

आयसोलेटरच्या हँडलपाशी वेगळं काही करावं लागतं का?

हो, कारण तिथे ऑपरेटरचा हात लोखंडावर असणारच. फॉल्टची शक्यताही स्विचिंगच्या वेळीच जास्त. म्हणून हँडलसमोर ऑपरेटर उभा राहतो त्या जागी लोखंडी जाळी किंवा चेकर्ड प्लेट ठेवून ती हँडलला आणि मॅटला दोन ठिकाणी जोडतात. मग त्याचे पाय आणि हात एकाच व्होल्टेजवर राहतात. प्लेट ठेवली पण जोडली नाही, असं बऱ्याच यार्डांत दिसतं. तशी प्लेट काहीच कामाची नाही.

कुंपणाच्या बाहेर काय स्थिती असते?

यार्डाच्या कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूला स्टेप पोटेन्शियल सगळ्यात जास्त असतो. ५ मीटरच्या जाळीला तो सुमारे ४०० व्होल्ट येतो, १० मीटरच्या जाळीलाही जवळपास तेवढाच. म्हणजे जाळी दाट केल्याने टच निम्म्याजवळ आला तरी स्टेप हलला नाही. यार्डाच्या आत खडीवर मर्यादा २२३०, म्हणून आत चिंता नाही. बाहेर उघड्या मातीवर मर्यादा २६२, म्हणजे तिथे धोका आहे.

त्यामुळे खडीचा पट्टा कुंपणाच्या बाहेर एक ते दीड मीटर न्यावा. मॅटची शेवटची पट्टीही कुंपणाच्या बाहेर साधारण एक मीटरवर घालून कुंपण तिला बांधावं. मग बाहेरून कुंपणाला हात लावणाऱ्याचे पाय जाळीच्या आत पडतात. जागेची हद्द कुंपणाला लागूनच असेल तर हा पट्टा काढायलाच जागा उरत नाही. ते जमीन घेताना पाहायचं असतं, अर्थिंगच्या टप्प्यावर फार उशीर झालेला असतो.

शेजारच्या शेतात जाणारी लोखंडी पाइपलाइन, यार्डातून बाहेर जाणारा एलटीचा न्यूट्रल, केबलचा शीथ यांच्यावरही लक्ष ठेवा. मॅटचे साडेतीन हजार व्होल्ट ते धातू शंभर मीटर लांब नेऊन सोडतात, जिथे ना जाळी असते ना खडी. तिथे उपाय एकच: पाइपमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा, किंवा विलगीकरण.

रिले वेगवान केला तर खडी-जाळीची गरज कमी होईल?

मर्यादा वाढते, हे खरं. अर्ध्या सेकंदाऐवजी ०.२ सेकंदात फॉल्ट तुटला तर खडीवरची टचची मर्यादा ६८१ वरून १०७६ होते. १० मीटरची जाळीसुद्धा पास होईल. पण हिशेब मुख्य रिलेच्या वेळेवर करू नका. ब्रेकर अडकला, डीसी सप्लाय गेला, तर बॅकअपलाच तोडावं लागतं, आणि बॅकअपला एक सेकंद लागत असेल तर मर्यादा ४८१ वर येते. आपली ५ मीटरची जाळी ४१५ वर तेव्हाही पास होते, १० मीटरची होत नाही.

जत, आटपाडी किंवा साताऱ्याच्या डोंगराळ भागात मुरूम आणि खडक आहे. तिथे हेच डिझाइन चालेल?

नाही. मेश व्होल्टेज मातीच्या रोधकतेच्या सरळ प्रमाणात चढतो. ५०० ओहम-मीटरच्या जमिनीत आपल्या ५ मीटरच्या जाळीचा रेझिस्टन्स ६ ओहमच्या वर जातो. त्यामुळे फॉल्ट करंट काहीसा घटतो. तो २४०० अँपिअरवर आला असं धरलं तरी मेश व्होल्टेज सुमारे १६५० येतो आणि खडीसह मर्यादा ७१० च्या आसपास. जाळी अजून दाट करून हे अंतर भरणं महाग पडतं. तिथे आधी क्षेत्रफळ वाढवा, किंवा जवळ विहीर, ओढा, काळी माती असेल तिथे दुसरी मॅट घालून दोन पट्ट्यांनी जोडा, किंवा खोल बोअरमध्ये इलेक्ट्रोड घाला. खडकात उथळ रॉड ठोकून काही मिळत नाही. आणि वर बारीक थर, खाली खडक अशी दोन थरांची जमीन असेल तर एकच सरासरी रोधकता धरणारं हे सूत्र सोडून द्या.

चालू यार्डात टच पोटेन्शियल प्रत्यक्ष मोजता येतो का?

येतो. लांबवर, मॅटच्या लांबीच्या कितीतरी पट अंतरावर, तात्पुरता इलेक्ट्रोड करून मॅटमधून काही अँपिअर करंट सोडतात. मग स्ट्रक्चर आणि त्यापासून एक मीटरवर जमिनीवर ठेवलेली प्लेट यांमधला व्होल्टेज १००० ओहमचा रोध जोडून मोजतात. २० अँपिअर सोडल्यावर २ व्होल्ट आले तर ३००० अँपिअरला ३०० येतील. चालू यार्डात ५० हर्ट्झचा गोंगाट असतो, म्हणून चांगली उपकरणं थोड्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर करंट सोडतात. मोजणीची ठिकाणं कोपऱ्यापासून सुरू करा.

त्याआधी एक सोपी तपासणी करा: प्रत्येक स्ट्रक्चरच्या रायझरपासून, म्हणजे मॅटमधून वर येणाऱ्या पट्टीपासून, एका ठरलेल्या रायझरपर्यंत जास्त करंट सोडून मिलिओहम मोजायचे. बहुतेक आकडे एकमेकांच्या जवळ असतात. एखादा रायझर दहापट दाखवत असेल तर त्याखालचा जोड गंजला किंवा वेल्डिंग तुटलं असं समजून तिथेच खणा. जुन्या यार्डांत पट्टी बहुधा जमिनीत शिरते त्या जागी, खडी आणि मातीच्या सीमेवर खाल्ली जाते. ती जागा खडी बाजूला सारून नुसत्या डोळ्यांनीही दिसते.